अनुभव धागा: महिनाअखेरचा साठलेला माल निघाला, रात्रपाळीचे आभार कसे मानलेत?

घडीघर

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलच्या शिलाई-पॅकिंगचं खातं माझ्याकडे आहे. या महिनाअखेरीला एक लॉट शेड जुळली नाही म्हणून डाइंगला परत गेला आणि आमच्याकडे आला तेव्हा हातात तीन रात्री उरल्या होत्या. न्हावाशेव्याच्या बंदरात कंटेनर घ्यायची शेवटची वेळ ठरलेली. एकूण ६४० कार्टन, प्रत्येकात २४ बाथ टॉवेल. दिवसपाळीकडे नेहमीचा माल चालूच होता, त्यामुळे हा सगळा भार रात्रीच्या अठरा जणांवर आला. माल वेळेत गेला.

आता वरून निरोप आला, "ग्रुपवर आभाराच्या दोन ओळी टाक." हात जोडलेलं चित्र टाकायला मन होईना, म्हणून खालचं लिहिलंय. अजून दिलेलं नाही. तुम्ही असं काही लिहिलं असेल किंवा तुम्हाला मिळालं असेल, तर सांगा. काय मनाला लागलं, काय नुसतं भिंतीवर राहिलं?

> रात्रपाळीतल्या सगळ्यांना नमस्कार.
>
> कंटेनर पहाटे सील होऊन गेला. ६४० पैकी एकही कार्टन मागे राहिला नाही. हा आकडा सगळ्यांना कळलाच आहे, म्हणून आकड्यात न दिसणाऱ्या दोन गोष्टी लिहितो.
>
> दुसऱ्या रात्री हेमिंगच्या एका मशीनवर सुई तुटली. टोक सापडेना. ऑपरेटरने स्वतः मशीन बंद केलं, टोपलीतला माल बाजूला काढला आणि टोक एका टॉवेलच्या दुमडीत सापडेपर्यंत कोणी त्या मालाला हात लावला नाही. पाऊण तास गेला. घाईच्या रात्री तो पाऊण तास देणं सोपं नव्हतं.
>
> तिसऱ्या रात्री एक कार्टन काट्यावर सव्वाचारशे ग्रॅमने कमी भरला. "चालतंय" म्हणून पट्टी मारता आली असती. तुम्ही फोडला, आत २३ नग निघाले.
>
> तिन्ही रात्रींचा ओव्हरटाइम याच पगारात लागेल. रविवारच्या रात्रीची बदली सुट्टी कधी हवी ते प्रत्येकाने हजेरी क्लार्ककडे सांगावं. लोडिंगला आलेल्या कंत्राटी मंडळींनाही हे पत्र तितकंच आहे.

जुना_पर्सोनेल

चिंचोळी एमआयडीसीत आयुष्य गेलं, अशी पत्रं बरीच पाहिली. तुमचं पत्र बरं आहे ते शेवटच्या परिच्छेदामुळे. ओव्हरटाइम दुप्पट दराने देणं कायद्याने बंधनकारकच आहे, ते बक्षीस नाही. आणि आठवड्याची सुट्टी मोडून काम केलं तर बदली सुट्टी त्याच महिन्यात किंवा पुढच्या दोन महिन्यांत द्यावी लागते. पण हे कधी मिळणार, हे कामगाराला तोंडी सांगतात आणि तोंडी सांगितलेलं पगाराच्या दिवशी कोणाला आठवत नाही. पत्रात तारीख घाला. "याच पगारात" म्हणजे कोणत्या, हा प्रश्न हमखास येतो, कारण हजेरी बहुतेक ठिकाणी पंचवीस-सव्वीस तारखेला बंद होते. तुमच्या तीन रात्री त्यानंतरच्या असतील तर पैसे पुढच्या महिन्यात जातील आणि पत्र खोटं पडेल. आधी पगारवाल्याला विचारा, मग द्या.

घडीघर

हजेरी पंचवीसलाच बंद होते. विचारून घेतो, चांगलं सांगितलंत.

दुसरी_बाजू

माझं मत वेगळं आहे. असं लेखी देऊच नका. उद्या कोणी लेबर ऑफिसला गेलं तर तुमच्याच सहीने पुरावा तयार, की एवढी माणसं रात्रभर जास्त थांबवली. आमचे कन्सल्टंट तोंडीच आभार मानायला सांगतात.

जुना_पर्सोनेल

पुरावा होतो हे खरं. पण तो हजेरीपटात आणि गेटच्या रजिस्टरमध्ये आधीच आहे. ओव्हरटाइम नोंदवून दुप्पट दिला असेल तर पत्राने काही बिघडत नाही. नोंदवलाच नसेल तर पत्र न दिल्यानेही सुटका नाही. हां, पत्रात "बारा-बारा तास सलग उभे राहिलात" असलं कौतुक लिहू नये. कामाच्या तासांना मर्यादा आहे, ती मोडल्याचं अभिमानाने सांगणं शहाणपणाचं नाही.

कडकभाकरी

पार्टीचं विचारताय ना? रात्रपाळीला बिर्याणी नको बे, पहाटे जड होतंय. आम्ही कडक भाकरी, शेंगा चटणी, झुणका आणि वर ताक असं ठेवलं होतं. लई खूश झाले लोक. केटररचा नंबर व्यक्तिगत निरोपात देतो.

घडीघर

पार्टीचं नव्हतं विचारलं, पण नंबर द्या, लागेल.

हेमिंग_तिसरी_पाळी

मी दुसऱ्या कारखान्यात शिलाईला आहे, तिसऱ्या पाळीला. सुईची ओळ वाचून बरं वाटलं, कारण आमच्यात उलट झालं होतं. सुई तुटली, तुकडे गोळा करून रजिस्टरला टेपने चिकटवायचे असतात, एक तुकडा कमी होता. मी मशीन थांबवलं. सुपरवायझर म्हणाला, पुढं मेटल डिटेक्टर आहेच की, पकडेल. मी ऐकलं नाही, शोधला. सकाळी माझ्या नावापुढं कमी नग लागले आणि फळ्यावर नाव आलं "कमी उत्पादन" म्हणून. महिनाअखेरीला आभाराचा कागद लागला तेव्हा "विक्रमी उत्पादनाबद्दल" असं होतं. मग पुढच्या वेळी कोण थांबवणार सांगा? कागदात ज्याचं कौतुक करता तेच लोक पुढच्या महिन्यात करतात.

एक विचारू? त्या ऑपरेटरचं नाव का नाही घातलं?

घडीघर

मुद्दाम नाही घातलं. एकाचं घातलं की सतरा जण विचारतात. शिवाय सुई ज्याच्या मशीनवर तुटली त्याच्याच नावाने ती गोष्ट लक्षात राहते, मग लोक चेष्टेत "सुईवाला" म्हणतात. पण तुमचं वाचून डळमळलोय.

हेमिंग_तिसरी_पाळी

त्यालाच विचारा की. मला नाव हवं होतं.

काटा_आणि_सील

डिस्पॅचला आहे, थोडं तांत्रिक बोलतो, कारण वजनाची गोष्ट पत्रात आहे तेवढी सरळ नाही. ७० बाय १४० चा, ४५० जीएसएमचा टॉवेल साधारण ४४० ग्रॅमचा. चोवीस नगांचे साडेदहा किलो, वर खोक्याचं वजन, म्हणजे साडेअकराच्या आसपास. एका लॉटमधली कार्टन एकमेकांपासून शंभर-दीडशे ग्रॅमने हलतात, त्यामुळे सव्वाचारशेचा फरक उठून दिसतो. इथपर्यंत ठीक.

पण टॉवेल कापसाचा आहे, तो पाणी धरतो. डाइंगवरून घाईने आलेला माल ड्रायरमधून पुरता कोरडा न होता पॅक केला, तर चार टक्के जास्त ओलाव्याने एका कार्टनचं वजन तितकंच वाढतं, जितकं एका टॉवेलचं आहे. म्हणजे ओला २३ नगांचा कार्टन काट्यावर कोरड्या २४ सारखाच दिसेल. महिनाअखेरच्या मालात नेमकं हेच होतं. वजन बरोबर, नग कमी, आणि वर बंदरात पडून राहिला की आत कुबट वास. म्हणून तुमच्याकडे तो कार्टन काट्यावर पकडला गेला याचा अर्थ माल कोरडा होता. ड्रायरवर कोण होतं त्या रात्री? पत्र त्यालाही द्यायला हवं. तो बहुतेक प्रोसेसिंगचा माणूस असेल, तुमच्या अठरा जणांत धरलेला नसेल.

घडीघर

नाही धरलेला. ड्रायरवर दोघं होते, आणि एकदा त्यांनी ट्रॉली परत फिरवली होती, आत गरम पण ओलसर लागतंय म्हणून. आमची पोरं तेव्हा चिडली होती. घालतो त्यांना.

बॅच_जॉब

माझा अनुभव टॉवेलचा नाही. मूळचा सोलापूरचा, पुण्यात एका आयटी कंपनीत. आमच्याकडे महिनाअखेर म्हणजे रात्री चालणारे हिशोबाचे जॉब. एकदा साठलेली तिकिटं तीन रात्रींत संपवली आणि सकाळी मेल आला, "दि टीम डिड ॲन अमेझिंग जॉब." आम्ही झोपलो होतो. उठेपर्यंत त्याच्यावर चाळीस जणांचे "अभिनंदन" आले होते, त्यातले बरेच त्या रात्री घरी होते. तेव्हापासून मी आभार पाळी सुरू होताना मानतो, संध्याकाळी, माणसं जागी आणि समोर असताना.

जुना_पर्सोनेल

ही वेळेची गोष्ट कारखान्याला जास्त लागू पडते. नोटीस बोर्डवर सकाळी लावलेलं पत्र दिवसपाळी वाचते. रात्रवाले पंचिंग करून घाईत आत जातात. आणि सोलापुरात अजून एक. शिलाईत, लूमवर बरीच मंडळी घरी तेलुगू बोलणारी. मराठी फाडफाड बोलतात, पण लिहिलेलं मराठी वाचायचा कंटाळा करतात. आमच्याकडे एक जुना मुकादम पाळीच्या सुरुवातीला पत्र आधी मराठीत वाचायचा, मग तेलुगूत सांगायचा, आणि त्या सांगण्यात स्वतःचे चार शब्द घालायचा. कागदापेक्षा त्याचेच शब्द लोक घरी सांगायचे.

दिवसपाळी_चेकर

सगळं खरं, पण दिवसपाळीबद्दल एक शब्द नाही पत्रात. लोक वाचतात आणि समजतात की दिवसवाल्यांनी काम ठेवलं म्हणून रात्रवाल्यांना उचलावं लागलं. लॉट उशिरा आला, आम्ही काय करणार? आमच्याकडे असंच झालं आणि दोन पाळ्यांत महिनाभर बोलणं नव्हतं. माल बदलताना साधी टोपली पुढे सरकवायचे नाहीत.

घडीघर

एक ओळ घालू का, "हा लॉट डाइंगहून उशिरा आल्यामुळे साठला होता"?

दिवसपाळी_चेकर

घाला. पण मग डाइंगवाले भांडायला येतील.

काटा_आणि_सील

येऊ देत. शेड का चुकली हे त्यांच्याकडे लिहिलेलं असतं. तरी आभाराच्या पत्रात कोणाचं खातं ओढू नये असं मला वाटतं. "लॉट उशिरा हातात आला" एवढंच लिहा, कुठून ते नको.

दिवसपाळी_चेकर

तेवढं चालेल. पण कुठून ते सगळ्यांना माहीतच असतं.

घडीघर

पगारवाल्याशी बोललो. तीन रात्री पुढच्या पगारात जातायत, याच महिन्यात द्यायचं तर वेगळं व्हाउचर काढावं लागेल. मालकांना विचारलंय, उत्तर यायचंय. तोपर्यंत पत्र थांबवू की पैशांची ओळ काढून आजच वाचून दाखवू?

हेमिंग_तिसरी_पाळी

थांबवा. पैशांची ओळ नसलेला कागद आम्ही बघितलाय.

बॅच_जॉब

मी उलट म्हणेन. उशीर केलात तर लोक म्हणतील विसरले. आज वाचा, पैशांचं स्पष्ट सांगा, "व्हाउचर मागितलंय, गुरुवारी कळवतो."