मदत हवी आहे: मुख्याध्यापिकांसाठी स्नेहसंमेलनाचे छोटे मराठी स्वागत

वर्गशिक्षिका
आमची शाळा इंग्रजी माध्यमाची आहे. नव्या मुख्याध्यापिका मॅडम केरळच्या आहेत. शाळेत हिंदी शिकल्यामुळे देवनागरी वाचतात, पण मराठी बोलत नाहीत. येत्या शनिवारी गॅदरिंग आहे आणि स्वागत मराठीतच करायचं, असं त्यांनी स्वतःहून ठरवलंय. मला फार बरं वाटलं. गेल्या वर्षीच्या सरांचा कागद मी त्यांना दिला:

"आजच्या या मंगलमय प्रसंगी व्यासपीठावर विराजमान सर्व सन्माननीय मान्यवरांचे, तसेच आमच्या हाकेला ओ देऊन आलेल्या पालकांचे मी मनःपूर्वक स्वागत करतो. तुमचं प्रेम असंच राहू द्या."

काल वाचून घेतलं. पहिल्याच वाक्यात दोनदा दम लागला आणि 'तुमचं' ऐवजी 'तुमचम्' आलं. काय बदलू?

पारिजात_७
निवेदनासाठी माझ्याकडे छान चारोळ्या आहेत, दीपप्रज्वलनापासून आभारापर्यंत. पाठवू का?

वर्गशिक्षिका
धन्यवाद ताई, पण निवेदन मुलंच करणार आहेत. मला फक्त मॅडमचं स्वागत हवंय.

कोकणकडा
सगळं रोमन लिपीत लिहून द्या, प्रश्न मिटला. आणि मराठीत च म्हणजे 'त्स', एवढं एकदा सांगून ठेवा.

जुना_फळा
रोमन नको. त्यात ल आणि ळ एकच दिसतात. मल्याळममध्ये ळ आणि ण दोन्ही आहेत, म्हणजे जे इतरांना जड जातं ते मॅडमना येतंच. ते का घालवायचं?

'च म्हणजे त्स' हे अर्धंच खरं आहे. 'आमचा', 'आमचे' यांत तसा उच्चार होतो, पण 'आमची', 'आमच्या' यांत होत नाही. 'विचार'मध्येही नाही. सरसकट नियम सांगितलात तर त्या 'वित्सार' म्हणतील.

'तुमचम्' का आलं, तेही सांगतो. मल्याळममध्ये शब्दाच्या शेवटी अनुस्वार आला की म् म्हणतात. आपण 'तुमचं'मध्ये शेवटचा अ नुसता लांबवतो. म्हणून त्यांच्या कागदावर बोलीतलं 'तुमचं, सगळं' नको, लेखी 'तुमचे, सगळे' लिहा.

आणि मुख्य म्हणजे तो कागद सरांचा आहे! बाईंच्या तोंडी 'स्वागत करतो' जाईल आणि सभागृहाला तेवढंच लक्षात राहील. 'करते' करा, किंवा क्रियापदच काढा.

मी असं लिहीन. तिरकी रेघ दिसली की थांबायचं:

"नमस्कार. / आज आपल्या शाळेचे / वार्षिक स्नेह-संमेलन आहे. / प्रमुख पाहुणे, / शाळा समितीचे सदस्य / आणि सर्व पालक, / आपले मनापासून स्वागत. / गेला महिनाभर / मुलांनी मेहनत घेतली आहे. / आता रंगमंच त्यांचा आहे. / धन्यवाद."

आता पेन्सिल घ्या. 'आज'मधल्या ज खाली आणि 'शाळेचे', 'समितीचे', 'त्यांचा' यांतल्या च खाली ठिपका द्या. चारच ठिपके. ठिपका दिसला की जीभ दातांमागे. 'रंगमंच'ला ठिपका नाही, तो साधा च. सावकाश वाचलं तरी अर्ध्या मिनिटात होतं.

इंदूरकर_काकू
माझं माहेर हिंदी. लग्नानंतर महाराष्ट्र मंडळात पहिल्यांदा मराठीत बोलले, तेव्हा सासूबाईंनी असेच ठिपके काढून दिले होते. पण मी कागदावरचे ठिपकेच शोधत बसले, समोर पाहिलंच नाही. ठिपक्यांपेक्षा तुम्ही मोबाइलवर वाचून रेकॉर्ड करा आणि मॅडमना रोज ऐकू द्या. कानाला बसलं की जिभेवर येतं.

जुना_फळा
काकू, ध्वनिमुद्रण हवंच. तरी ठिपके राहू द्या म्हणतो. ऐन वेळी माइकसमोर कानातलं विसरतं, कागद हातात असतो.

कोकणकडा
'वित्सार' वाचून पटलं. पण हे स्वागत फार कोरडं नाही का? 'हाकेला ओ देऊन' किती छान होतं.

वर्गशिक्षिका
मलाही ते आवडतं, पण मॅडम त्या 'ओ'शीच थांबत होत्या. त्यांना वाटलं, छपाईत काहीतरी राहिलंय.

आज मधल्या सुट्टीत नवा कागद दिला, रेकॉर्डिंगही पाठवलं. तिसऱ्या वेळी 'शाळेचे' इतकं स्वच्छ आलं की शेजारच्या मराठीच्या बाईंनी वर पाहिलं. 'त्यांचा' अजून 'त्यान्च्या' होतंय. तिथे मी 'आता रंगमंच मुलांचा' करून पाहिलं, पण च तोच, म्हणून तसाच अडकतो.

शिवाय एक नवीनच निघालं. अध्यक्षांचं नाव स्वागतात यायलाच हवं, असं कार्यालयातून सांगितलंय. नाव घातलं की 'संस्थेचे अध्यक्ष माननीय' हे सगळं आलं, आणि 'संस्थेचे'ला मॅडम 'सम्स्थेचे' म्हणतात. नावं निवेदक मुलांकडे द्यावीत की मॅडमनीच घ्यावीत? तुमच्या शाळांत काय करतात?

जुना_फळा
आमच्याकडे नावं निवेदकच घ्यायचे, पण प्रत्येक संस्थेची रीत वेगळी. 'त्यांचा'साठी मॅडमना आधी 'त्सा, त्सा' नुसतं म्हणायला लावा, मग त्याच्या आधी 'त्यां' जोडा.