उत्तर: शुक्राणूंचा काउंट कमी, टेस्टोस्टेरॉन नॉर्मल

> डावं वृषण वर राहिलं होतं, नवव्या वर्षी ऑपरेशन झालं. आता ३१, काउंट ९ मिलियन, पण टेस्टोस्टेरॉन नॉर्मल. असं कसं?

वृषणात दोन वेगळी खाती आहेत. शुक्राणू बनवणाऱ्या नलिकांना शरीरापेक्षा दोन-तीन अंश थंडावा लागतो. पोटाच्या उष्णतेत त्या लवकर खराब होतात. म्हणूनच ही शस्त्रक्रिया शक्यतो दीड वर्षाच्या आत करतात. टेस्टोस्टेरॉन बनवणाऱ्या पेशी मात्र चिवट.

एका रिपोर्टवर जाऊ नका. तीन महिन्यांत ताप आला असेल तरी काउंट पडतो. दोन ते सात दिवसांच्या संयमानंतर पुन्हा तपासा. नमुना तासाभरात लॅबमध्ये पोचायला हवा. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकचा भरवसा नाही, तो लॅबमध्येच द्या. सोबत एफएसएच या हार्मोनची रक्ततपासणी करा. तो वाढलेला निघाला तर बिघाड वृषणातच आहे असं समजतात.

आणि जिममधल्या कुणाचं ऐकून टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन अजिबात घेऊ नका! बाहेरून हार्मोन आलं की मेंदू वृषणाला कामाला लावणारे एफएसएच, एलएच हे हार्मोन थांबवतो आणि आहे तो काउंटही शून्यावर येऊ शकतो.

एवढ्या उशिरा खाली आणलेल्या वृषणात कॅन्सरचा धोका थोडा जास्त असतो. महिन्यातून एकदा अंघोळीनंतर चाचपा. न दुखणारी कडक गाठ लागली तर लगेच युरॉलॉजिस्टकडे जाऊन सोनोग्राफी करा.