सौदा, बैठक आणि मदिनेचा अमल
"पैगंबरांची हदीस, म्हणजे त्यांचं सांगितलेलं वचन, सहीह म्हणजे खात्रीची असेल तर मदिनेचे लोक काय करत होते याला काय अर्थ?"

असं विचारताना, मदिनेचे विधिज्ञ इमाम मालिक यांना हदीस माहीत नव्हती असं धरून चाललात तर गफलत होईल. त्यांच्या 'मुवत्ता' या हदीससंग्रहातच बघा. विकणारा आणि घेणारा एकमेकांपासून वेगळे होईपर्यंत दोघांनाही सौदा मोडायची मुभा आहे, ही हदीस मालिक स्वतः देतात, तीही पैगंबरांचे सोबती इब्न उमर आणि त्यांचे शिष्य नाफि यांच्याकडून, म्हणजे सांगणाऱ्यांच्या सर्वांत भक्कम मानल्या गेलेल्या साखळीने. आणि लगेच खाली लिहितात की याला आमच्याकडे ठरलेली मर्यादा नाही, तसा अमल, म्हणजे प्रत्यक्ष वहिवाटही नाही. सौद्याची बैठक किती वेळ चालेल कोण सांगणार? म्हणून मालिकी फिक्हमध्ये, म्हणजे मालिक यांच्या कायदेपरंपरेत, होकार झाला की सौदा पक्का. मुद्दा असा की रोज बाजारात घडणारी गोष्ट पिढ्यानपिढ्या अख्खं शहर विसरेल, हे मालिक यांना पटत नव्हतं.

मालिक यांचेच शिष्य इमाम शाफिई यांनी मात्र हदीसच धरली. मला जास्त बोलकं वाटतं ते वेगळंच: यावरून मालिक यांच्यावर सर्वांत जहाल टीका केली ती त्यांच्याच काळचे विद्वान इब्न अबी झिब यांनी, आणि ते मदिनेचेच! मग 'मदिनेचा अमल' म्हणजे नेमका कोणाचा?