आजी "गावाला गेली" सांगितलंय, आता काय?

सायली_ठाणे: सासूबाई गेल्या महिन्यात हार्ट अटॅकने गेल्या. मुलगी साडेचारची. दीर तिला बोलून बसले की आजी गावाला गेलीय. आता रोज विचारते कधी येणार, फोन लावून दे. नवरा म्हणतो विसरेल हळूहळू. खरं सांगू का, आणि कसं?

नानाकाका: देवाघरी गेली सांगा की, विषय संपला. आमच्या पिढीला हेच सांगितलं, कोणाचं काय बिघडलं? एवढ्याशा जिवाला मरण कशाला शिकवायचं.

मृण्मयी_समुपदेशक: नाना, देवाघरी म्हणायला हरकत नाही, पण नुसतं तेवढंच सांगितलं तर या वयाची पोरं विचारतात मग आपण कधी जायचं तिला भेटायला. त्यांना मरण म्हणजे लांबचा प्रवासच वाटतो, माणूस परत येत नाही हे बऱ्याच जणांना पाच ते सात वर्षांच्या दरम्यान नीट कळायला लागतं. आणि गावाला गेली म्हटलं की पोरीच्या लेखी आजी तिला न सांगता निघून गेली, वर फोनही करत नाही, म्हणजे रुसलीय. सायली, आधी दिरांचं बोलणं निस्तरा, तिला सांगा की काकाला फार वाईट वाटत होतं म्हणून तो तसं बोलला. मग सांगा, आजीचं हृदय बंद पडलं, डॉक्टरांना ते चालू करता आलं नाही, आजी मेली, आता तिचं शरीर श्वास घेत नाही, तिला भूक लागत नाही, दुखत नाही, ती परत येणार नाही. झोपली अजिबात म्हणू नका, पोरं रात्री झोपायला घाबरतात. नुसतं आजारी होती असंही नको, उद्या तुम्हाला सर्दी झाली तरी ती धास्तावेल. आणि ती न विचारताही सांगा, तुझ्यामुळे काही झालं नाही. आजीशी भांडले म्हणून गेली असं या वयात खरंच वाटतं.

विदर्भाचा_पोट्टा: मला तर स्मशानात नेलं होतं सातव्या वर्षी, काही झालं नाही बुवा. नेलंच पाहिजे पोरांना.

मृण्मयी_समुपदेशक: दादा, तो प्रश्नच नाहीये इथे. पण न्यायचं तर काय दिसणार ते आधी सांगून, आणि नको म्हणाली तर राहू द्यायचं.

अश्विनी_प: माझ्या बाबांना कॅन्सर होता, मी अकरावीत. घरात सगळे पोटाचा त्रास म्हणायचे आणि मी कपाटातल्या फाइलवर केमोथेरपी वाचलं. कोणाला सांगताच येईना की मला माहितीय. ते गेल्याचं दुःख आहेच, पण आईवरचा राग अजून गेला नाहीये.

नानाकाका: अकरावीचं वेगळं ताई, तिथे मान्य. पण साडेचारच्या पोरीसमोर "आजी मेली"? आमच्या घरात कोणी तोंडातून काढणार नाही.

सायली_ठाणे: नवरापण हेच म्हणतोय. वारली म्हटलं तर चालेल का? आणि ती परत परत तेच विचारणार ना?

मृण्मयी_समुपदेशक: चालेल, पण श्वास बंद, भूक नाही, परत येणार नाही हे सोबत हवंच, नाहीतर वारली म्हणजे पण कुठेतरी गेली असंच होईल. आणि हो, दहा वेळा विचारेल, मध्येच खेळायला पळेल, दर वेळी उत्तर तेच द्या. नवरा आणि दीर दोघांनाही तेच बोलायला लावा, एकाने जरी गाव काढलं तर पोरगी त्याचंच धरून बसेल.

नानाकाका: दिरांना समजवा तुम्ही, मला पटलेलं नाही.