मदत हवी आहे: आईच्या स्वादुपिंडात १८ मिमीची सिस्ट, आता थांबायचं की दुर्बिणीची सोनोग्राफी?

आम्ही परभणीचे. आई ६८ वर्षांची. मुतखड्यासाठी सीटी स्कॅन केला, त्यात स्वादुपिंडात सिस्ट दिसली. तिचा काहीच त्रास नाही. स्वादुपिंडाला सूज कधी आलेली नाही, दारूचा प्रश्नच नाही, कावीळ नाही, घरात कुणाला स्वादुपिंडाचा कॅन्सर नाही.

एमआरसीपी, म्हणजे स्वादुपिंड-पित्तनलिकांचा एमआरआय, तोही झाला. सिस्ट उपनलिकेला जोडलेली आहे, मुख्य नलिका ३ मिमी, आत गाठ नाही. निदान: ब्रँच डक्ट आयपीएमएन. कॅन्सरच्या खुणेची रक्ततपासणी सीए १९-९ नॉर्मल.

मला कळलं ते असं: सीरस सिस्ट बहुधा निरुपद्रवी, पण आयपीएमएन चिकट स्राव करणारी असल्याने तिच्यावर नजर ठेवावी लागते. ३ सेंमीचा आकार, ५ मिमीहून रुंद मुख्य नलिका किंवा आतली गाठ असेल तर पुढचा तपास. इथल्या डॉक्टरांनी सहा महिन्यांनी पुन्हा एमआरआय सांगितला आहे.

अडचण साखरेची. एचबीए१सी वर्षभरात ६.८ वरून ८.६ झालं, गोळ्या त्याच, पथ्यही तेच (आमरसाचे दिवस सोडले तर). अचानक बिघडलेला मधुमेहही धोक्याची खूण मानतात म्हणे. हे डॉक्टरांना सांगायचं राहिलं, सोमवारी सांगणार आहे.

शिवाय स्टेंटमुळे रक्त पातळ ठेवणारी क्लोपिडोग्रेल गोळी चालू आहे.

एवढ्या साखरेवरून संभाजीनगरला जाऊन दुर्बिणीची सोनोग्राफी, म्हणजे एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड, आत्ताच करावी का? आणि सुई न घालता, गोळी बंद न करता नुसतं बघून निर्णय होतो का?