आचारी, आचार्य आणि सर्चचा घोळ

ठाणेकर_पुन्हा: देवनागरीचा आग्रह धरणाऱ्यांनो, जरा खाली या. भाच्याच्या मुंजीच्या ग्रुपवर आचाऱ्याला किती ॲडव्हान्स दिला हे शोधत होतो. "आचाऱ्यांना" टाकलं, शून्य. "acharyanna" टाकलं, शून्य. "acharyana" टाकलं तर लगेच दोन मेसेज. म्हणजे देवनागरीत सर्च चालतच नाही, रोमनमध्ये चालतो. मग कशाला तो कीबोर्ड बदलत बसायचं? मेहुणा म्हणतो ७००० दिले, मला ५००० आठवतात, आणि पुरावा सापडत नाहीये.

वाकडी_मात्रा: उत्तर देणार नव्हतो पण "चालतच नाही" वाचून राहवलं नाही. साहेब, सर्चला मराठी येत नाही, त्याला फक्त आकडे दिसतात. प्रत्येक अक्षरामागे एक नंबर असतो आणि सर्च तुम्ही टाकलेले नंबर ओळीने जुळतात का एवढंच बघतो. "acharyana" सापडलं कारण ते लिहिणाऱ्याच्या हातून तुमच्यासारखाच एक n पडला. achaaryana लिहिणारा, acharyaana लिहिणारा, aachari लिहिणारा, हे सगळे तुम्हाला दिसलेच नाहीत. आणि देवनागरीत लिहिलेले मेसेज तर रोमन सर्चला कधीच दिसणार नाहीत, कारण a चा नंबर वेगळा आणि आ चा वेगळा, मधे कुणी दुभाष्या बसलेला नाही. दोन मेसेज मिळाले म्हणजे सगळे मिळाले असं कुठाय?

आता देवनागरीत शून्य का, तर तुमचा शब्दच वांड निवडलाय. हा अर्धा र (रफार नव्हे, तो आडवा पापणीसारखा) लिहायच्या दोन पद्धती आहेत. स्क्रीनवर सारख्याच दिसतात, आतून वेगळ्या. तिसरी म्हणजे तो न जमल्यावर लोक ठोकून देतात ती:

```
ऱ्या   0931 094D 092F 093E
र्‍या   0930 094D 200D 092F 093E
र्या   0930 094D 092F 093E
```

दुसऱ्या ओळीतलं 200D हे न दिसणारं अक्षर आहे. जुन्या कीबोर्डांनी वर्षानुवर्षं पापणीचा र असाच काढला. तुमच्या फोनवर पहिला प्रकार येतो आणि मेहुण्याच्या फोनवर दुसरा, तर तुम्ही दोघं जन्मभर एकमेकांचे मेसेज शोधत बसाल. आणि इंग्रजी अक्षरं दाबून मराठी शब्द सुचवणारा कीबोर्ड असेल तर बऱ्याचदा तिसरा पुढे येतो आणि लोक न बघता तोच दाबतात. मग आचाऱ्यांना दिलेले पैसे आचार्यांना जातात.

सदाशिव_पेठी: शेवटचं वाक्य फ्रेम करून लावा. मी कधीपासून सांगतोय, मराठी रोमनमध्ये लिहिणं म्हणजे आंब्याच्या रसात पाणी घालणं. acharyana म्हणजे कोण, आचारी की आचार्य, सांगा बघू! ज्यांना र्य आणि ऱ्य यातला फरक कळत नाही त्यांना काही सापडू नये हेच बरं.

ठाणेकर_पुन्हा: काका, मला फरक कळतो हो, मी बरोबरच टाइप केलं होतं आणि मलाच सापडलं नाही. शुद्ध लिहिलं त्याची ही शिक्षा.

नागपुरी_संत्रं: येवढं काही नाही बाप्पा, फॉन्टचा प्रॉब्लेम आहे. माह्या फोनवर ल आणि श हिंदीवाले दिसतात, मित्राच्या फोनवर मराठीवाले. अक्षरच वेगळं तर सर्च कसा सापडवणार. मराठी फॉन्ट टाका, झालं.

वाकडी_मात्रा: अर्धं बरोबर, अर्धं नाही. ल आणि श कसे दिसतात ते फॉन्टचं काम, पण दोन्हीकडे नंबर एकच, त्यामुळे सर्चला काही फरक पडत नाही. उलट केस जास्त घातक: दिसायला तंतोतंत सारखं, आतून वेगळं. ठाणेकरांच्याच पोस्टमधला ॲडव्हान्स घ्या. एक ॲ म्हणजे अख्खं एकच अक्षर, 0972, ते युनिकोडमध्ये, म्हणजे या नंबरांच्या यादीत, २००८ ला आलं. त्याआधीपासून लोक अ वर चंद्र चढवतात, 0905 आणि 0945. बऱ्याच ठिकाणी नुसतं बघून फरक कळायचा नाही. सर्चला मात्र कळतो. आणि ऍ लिहिणारे तिसरेच.

मडगांवकार: पेठी सायबा, रोमनात लिहिलं की पाणी घातलं म्हणता? फादर स्टीफन्सचं क्रिस्तपुराण १६१६ साली आमच्या राशोलला छापलं, मराठी भाषेत, रोमन अक्षरांत. तुमच्या पेठेत तेव्हा छापखाना होता काय?

सदाशिव_पेठी: ते मिशनऱ्यांनी त्यांच्या सोयीसाठी केलं. त्याचं आज काय?

मडगांवकार: आजचंच सांगतो. आमची आजी रोमी कोंकणीत लिहायची, तिथं नेम आहेत. ण ला nn, ट ला tt. भाषेचं नाव Konknni असंच लिहितात, म्हणून शोधलं की गावतं. तुमच्या रोमन मराठीला नेमच नाही, ज्याच्या बोटाला येईल ते स्पेलिंग. दोष रोमन अक्षरांचा नव्हे, तुमच्या आळसाचा.

सदाशिव_पेठी: म्हणजे आता आम्ही गोव्याकडून मराठी शिकायची? १९८७ च्या कायद्यात तुमच्याच सरकारनं कोंकणीला देवनागरी दिली, ते विसरलात?

मडगांवकार: विसरायला ती जखम आहे सायबा, आठवण नव्हे. रोमी लिहिणारे अजून भांडतायत. तुम्ही मात्र पेठेत बसून निकाल देता.

वाकडी_मात्रा: दोघंही थांबा. मडगांवकारांचा मुद्दा मात्र खरा आहे, म्हणायला जीवावर येतंय. एक स्पेलिंग पक्कं असेल तर कुठल्याही लिपीत सर्च चालतो. ग्रुपवरच्या रोमन मराठीला तेच नाही. "झालं" हा एक शब्द माझ्या घरातच zala, jhala, zhala, jhal असा चार प्रकारे येतो, आणि बायकोचा पाचवा मी इथे लिहीत नाही.

न्यूजर्सीची_काकू: मला यातलं फार कळत नाही पण माझं सांगते. आमच्या मंडळाच्या ग्रुपमध्ये दडपे पोह्यांची रेसिपी मीच टाकली होती, देवनागरीत, सुनेने फोनमध्ये सगळं लावून दिलंय. आता "पोहे" शोधलं तर नाश्त्याला काय केलं त्याचे पन्नास मेसेज येतात, रेसिपी काही येत नाही. pohe टाकलं तर मुलांचे मेसेज येतात. माझा मेसेज डिलीट झाला का?

वाकडी_मात्रा: नाही काकू, आहे. तुम्ही बहुतेक "पोह्यांची" असं लिहिलं असेल. पोहे मध्ये ह ला मात्रा आहे, पोह्यांची मध्ये ह पाय मोडून य ला चिकटलाय. पोहे हे अख्खं त्यात कुठेच नाही. "पोह" एवढंच टाका, मात्रा न देता. ते दोन्हीकडे येतं. पाणी असेल तर "पाण", म्हणजे पाण्याची, पाण्यात सगळं येईल. जिथे शब्द वळतो त्याच्या आधी थांबायचं.

ठाणेकर_पुन्हा: मग मी "आचार" टाकू?

वाकडी_मात्रा: नको, तिथेच फसाल. आचारी मधला र 0930 आणि ऱ्या मधला ऱ 0931. "आचार" टाकलं की आचारी, आचार्यांना आणि 200D वाला मिळेल, पण नीट ऱ ने लिहिलेला निसटेल. "आचा" वर थांबा. रोमनमध्ये हे करून बघा, "acha" टाका, जगातले सगळे अच्छा, अचानक आणि हिंदीवाले भाऊ हजर. देवनागरीत निदान गर्दी कमी.

अर्धवट_इंजिनियर: यावरून आठवलं. आमच्या सोसायटीचा ग्रुप एक्स्पोर्ट करून मी SQLite च्या डेटाबेसमध्ये टाकला, टँकरचा हिशोब काढायला. त्याचं मजकुरात शब्द शोधणारं FTS5 लावलं, "पाणी" शोधलं. पाण्याचे मेसेज आलेच, शिवाय "पुणे" चेही आले! "उद्या पुण्याला जातोय" सुद्धा! दोन दिवस डोकं धरून बसलो. मग कळलं की त्याचा वाक्याचे शब्द तोडणारा डीफॉल्ट tokenizer फक्त अक्षरं आणि आकडे धरतो, काना-मात्रा-वेलांटीला तो जागा सोडल्यासारखं समजतो. पाणी म्हणजे त्याच्यासाठी प आणि ण. पुणे पण प आणि ण. इंग्रजीत हे कधी लक्षातच येत नाही, कारण तिकडे मात्राच नाहीत. असा इलाज केला:

```
CREATE VIRTUAL TABLE m USING fts5(msg,
  tokenize="unicode61 categories 'L* N* Co Mn Mc'");
```

आणि भरायच्या आधी 200D काढून टाकला, नाहीतर तो शब्द मधेच तुटतो. आता पाणी म्हणजे पाणी. तुमच्या ॲपमध्ये आत काय आहे ते मला माहीत नाही, पण "पाणी" शोधून "पुणे" आलं तर हे दुखणं समजा.

नागपुरी_संत्रं: म्हणजे फॉन्ट नाही?

अर्धवट_इंजिनियर: नाही रे भावा.

नागपुरी_संत्रं: मग मी पैसे देऊन फॉन्ट घेतला त्याचं काय.

अर्धवट_इंजिनियर: माझं म्हणणं, ॲपवाल्यांनीच र, ऱ आणि 200D सगळं एक धरावं. जरा सैल जुळवणी केली की कुणाला कोड बघायची वेळच येणार नाही.

सदाशिव_पेठी: आणि मग आचाऱ्यांना शोधताना आचार्यांना येईल, त्याचं काय? दऱ्या शोधल्या की दर्या येईल. सह्याद्रीतून थेट समुद्रात! ही सोय नव्हे, अडाणीपणाला पाठिंबा.

अर्धवट_इंजिनियर: चार जास्त आलेले चालतील, एक हवा तो हरवलेला चालणार नाही. हिशोब काढून बघा एकदा.

सदाशिव_पेठी: मी वहीत लिहितो.

ठाणेकर_पुन्हा: "आचा" टाकलं. अकरा मेसेज. पैशाचा आकडा एकातही दिसला नाही. मग 5000 टाकलं, शून्य. 7000 टाकलं, शून्य. मग डोक्यात प्रकाश पडला, हा माणूस आकडेसुद्धा मराठीत लिहितो. "७०००" टाकलं आणि आला समोर: "आचार्यांना ७००० दिले, ठाणेकरांकडून निम्मे यायचेत". मेहुण्याचंच खरं निघालं. आणि तो मेसेज आचार्यांना असाच आहे, र्य वाला. वरच्या अकरात तो होताच, मीच आकडा 7000 असा शोधत होतो म्हणून नजरेतून सुटला. मात्रावाल्यांचे आभार, साडेतीन हजारांना पडलात.

वाकडी_मात्रा: निदान आता देवनागरी चालते हे मान्य करा.

ठाणेकर_पुन्हा: चालते. माझ्या विरोधात चालते.

न्यूजर्सीची_काकू: "पोह" टाकलं, सापडली हो रेसिपी! पण त्यात मी "ओलं खोबरं" लिहिलंय आणि सून म्हणते तिला khobra शोधून काहीच मिळत नाही. तिला कसं सांगू?

मडगांवकार: काकू, सुनेला सांगा, आजीसारखं एकच स्पेलिंग धर म्हणून.

सदाशिव_पेठी: सुनेला देवनागरी शिकवा.