रमजान, चंद्रदर्शन आणि अधिक महिना

> आपले सणही चंद्रावरच, मग दिवाळी मागेपुढे होऊन जागेवर येते आणि रमजान मात्र दरवर्षी अलीकडेच का सरकतो?

फरक अधिक महिन्याचा. बारा चांद्रमास सुमारे ३५४ दिवसांत संपतात, म्हणजे सौरवर्षापेक्षा साधारण ११ दिवस कमी. आपल्या पंचांगात ही तूट साठत गेली की सुमारे ३३ महिन्यांनी अधिक महिना येतो. हिजरी या इस्लामी कालगणनेत तो घालतच नाहीत. म्हणून भारतात रमजान २०२४ मध्ये १२ मार्चला लागला आणि २०२५ मध्ये २ मार्चला. २०३० मध्ये तर तो जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरअखेरीस, असा दोनदा सुरू होईल.

सुरुवात ठरते रमजानच्या आधीच्या शाबान महिन्याच्या २९ तारखेला, सूर्यास्तानंतर पश्चिमेला कोर दिसते का त्यावर. दिसली तर त्याच रात्री तरावीहची खास नमाज आणि पहाटे सहरी, म्हणजे रोज्याआधीचं खाणं. नाही दिसली तर शाबानचे ३० दिवस पुरे करायचे. २८ फेब्रुवारी २०२५ चंच बघा. अमावास्या सकाळी सव्वासहाच्या सुमारास संपली, संध्याकाळी चंद्र जेमतेम साडेबारा तासांचा होता. इतकी कोवळी कोर सूर्याच्या अगदी जवळ असते, संधिप्रकाशात हरवते आणि लगेच मावळते. म्हणून पहिला रोजा २ मार्चला. सौदीत मात्र २८ फेब्रुवारीच्याच संध्याकाळी चंद्रदर्शन जाहीर झालं होतं. तिथे सूर्य उशिरा मावळतो, तोवर चंद्राला आणखी सुमारे दोन तास मिळतात.

शेवटही असाच. ३० मार्चला, २९व्या रोज्याच्या संध्याकाळी, चंद्र दिसला, शव्वाल हा पुढचा महिना लागला आणि ३१ ला ईद झाली. २०२४ मध्ये रोजे पूर्ण ३० झाले होते. छापील कॅलेंडरमधली ईदची तारीख त्यामुळे एका दिवसाने चुकू शकते.